शेतकऱ्यांना पाण्याचा हिशोब सांगायचा तर मोटारीच्या तासांत सांगा

कृषी सहायकाने गावच्या बैठकीत "तीस टक्के पाणी वाचवा" म्हटले की माना डोलतात आणि रात्री मोटार नेहमीसारखीच चालू राहते. टक्का डोळ्यांपुढे उभा राहत नाही. ड्रम, गुंठा आणि लाइटचे तास मात्र प्रत्येकाला माहीत असतात. म्हणून बैठक चावडीत न घेता एखाद्या उसाच्या बांधावर घ्या.

आधी मोटारीचे पाणी मोजा. मोटार अर्धा तास चालू द्या, कारण सुरू करताच विहिरीची पातळी वर असते आणि पाणी जास्त पडते. तो आकडा धरला तर पुढचा सगळा हिशोब फुगतो. ड्रम 200 लिटरचाच आहे ना, हे बादलीने एकदा तपासून घ्या. मग पाइप सरीत जिथे पडतो तिथेच ड्रम धरा, विहिरीजवळ नको, म्हणजे वाटेतली गळतीही हिशोबात येते. तीनदा मोजून सरासरी काढा.

समजा ड्रम 40 सेकंदांत भरला. म्हणजे तासाला 90 ड्रम, 18,000 लिटर. आता शेतकऱ्यालाच विचारा, एकराला पाणी द्यायला किती लाइट लागते? "तीन रात्री" असे उत्तर आले, तर आठ-आठ तासांप्रमाणे 24 तास, म्हणजे 2,160 ड्रम. एकराचे गुंठे 40, तेव्हा गुंठ्याला 54 ड्रम. तेहतीस फूट लांब-रुंद गुंठा दोरीने आखून दाखवा आणि सांगा, एवढ्या जागेत हे पाणी सारखे पसरले तर चार इंचांहून जास्त उंच उभे राहील.

मध्यम जमिनीत उसाच्या एका पाळीला साधारण तीन इंच पुरतात. तेवढे पाणी याच मोटारीने सतरा तासांत बसते. उरलेले सात तास, म्हणजे जवळजवळ एक रात्र, पाणी मुळांच्या खाली जाते आणि सोबत युरियाही नेते.

इथे एक शंका हमखास येते: "लवकर दार मोडलं तर सरीचं टोक कोरडं राहतं." ही शंका खरी आहे, ती उडवून लावू नका. सरी फार लांब असेल तर टोक भिजेपर्यंत तोंडाशी दुप्पट पाणी मुरते. अशी सरी मध्ये पाट घेऊन दोन तुकड्यांत करावी लागते. नुसते तास कमी करून भागत नाही.

शेवटी लोखंडी सळई हातात द्या. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी ती सरीच्या तोंडाशी आणि टोकाशी दाबायची. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्या थरावर अडते. उसाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. तोंडाशी सळई तीन फूट गेली आणि टोकाशी एका फुटावर अडली, तर आधी सरीची लांबी कमी करा, मग तास. दोन्हीकडे दोन फुटांच्या आसपास थांबली, तर तेवढेच तास पुढच्या पाळीला धरा.