सरासरी वेग काढताना आधी विचारा: वेळ समान की अंतर?

चौपदरीकरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो होतो, गाडीत मामा-मामी. अंतर साधारण 90 किलोमीटर. अर्धा रस्ता उकरलेला, तिथे 20च्या वर काटा जात नव्हता, आणि पुढचा अर्धा मोकळा, 60ने जाण्यासारखा. मी मनातल्या मनात 20 आणि 60 मिळवले, निम्मे केले, 40 आले. 90 भागिले 40 म्हणजे सव्वादोन तास. "आठला निघू, सव्वादहाला मांडवात," असं मामांना ठासून सांगितलं.

सव्वादहा वाजले तेव्हा आम्ही एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या अलीकडे होतो. उकरलेला रस्ता नुकता संपला होता, बस. धुळ्यात पोचलो अकराला. अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. मामा एवढंच म्हणाले, "तू मास्तर शे ना रे?"

तेव्हा मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हाच धडा शिकवत होतो. म्हणून हे जरा चिडून लिहितोय.

पहिली पायरी. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. वेगांची बेरीज करून भागायचं, असं व्याख्येत कुठेही नाही.

दुसरी पायरी. टप्प्यांमध्ये समान काय आहे ते शोधा, घड्याळ की रस्ता. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे थांबू.

रावेरहून केळी भरलेली गाडी 400 किलोमीटर जायची आहे. गाडीवर दोन चालक. एक सावध, 40ने हाकणारा, दुसरा 60ने. दोघांनी ठरवलं की घड्याळ बघून चाक बदलायचं, चार-चार तास. पहिल्याने चार तासांत 160 किलोमीटर काढले, दुसऱ्याने 240. झाले 400 किलोमीटर, 8 तास, सरासरी 50. इथे बेरीज करून निम्मे केलं तरी उत्तर बरोबर येतं, कारण दोन्ही वेग सारखाच वेळ टिकले.

आता तेच दोघे म्हणाले, रस्ता वाटून घेऊ, 200-200 किलोमीटर. सावध चालकाला 5 तास लागले, दुसऱ्याला 3 तास 20 मिनिटं. एकूण 8 तास 20 मिनिटं, सरासरी 48. गाडी तीच, माणसं तीच, वेगही तेच, पण केळी 20 मिनिटं उशिरा उतरली. ही 20 मिनिटं आली कुठून? सावध चालक आता चारऐवजी पाच तास चाकावर बसला. अंतर समान वाटलं की हळू जाणाऱ्याकडे जास्त वेळ जातो, आणि सरासरी ठरते ती वेळेवर. म्हणून ती हळू वेगाकडे झुकते. एवढं डोक्यात बसलं की सूत्र लागत नाही.

माझी चूकही हीच होती. अर्धा रस्ता खराब, म्हणजे 45 किलोमीटर 20ने, सव्वादोन तास. उरलेले 45 किलोमीटर 60ने, पाऊण तास. एकूण तीन तास, सरासरी 30. मी वेळ निम्मा-निम्मा धरला होता. प्रत्यक्षात तीन भाग वेळ खड्ड्यांत गेला आणि एक भाग मोकळ्या रस्त्यावर.

परीक्षेत हे शब्दांत लपवलेलं असतं. "जाताना अमुक वेगाने, येताना तमुक वेगाने" म्हटलं की अंतर समान, कारण गाव काही जागचं हलत नाही. "पहिले दोन तास, पुढचे दोन तास" म्हणजे वेळ समान. "अर्धं अंतर" आणि "अर्धा वेळ" यांतला एकच शब्द उत्तर बदलतो, तेवढ्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. आणि नुसतं "अर्धा प्रवास" लिहून मोकळे होणारे प्रश्न मला अजिबात आवडत नाहीत. प्रवासाचं अर्ध किलोमीटरमध्ये मोजायचं की तासांत, हे सांगितल्याशिवाय त्याला एकच असं उत्तर नाही.

तिसरी पायरी. वेळ समान असेल तर वेग मिळवा, टप्प्यांच्या संख्येने भागा. झालं.

चौथी पायरी. अंतर समान असेल आणि आकडा दिलेला नसेल तर सोयीचं अंतर स्वतःच धरा. कितीही धरलं तरी उत्तर तेच येतं, म्हणून वेगांचा लसावि घ्या. 30, 40 आणि 60च्या तीन समान टप्प्यांसाठी प्रत्येकी 120 किलोमीटर धरा. तास लागतील 4, 3 आणि 2, म्हणजे 9. एकूण 360 किलोमीटर, भागिले 9, सरासरी 40.

2xy/(x+y) हे सूत्र पाठ करू नका, असं मी वर्गात सांगतो आणि कोणी ऐकत नाही. सूत्र चुकीचं नाही, पण ते दोनच टप्प्यांचं आणि समान अंतराचंच आहे. मुलं आधी 30 आणि 40ला ते लावतात, आलेल्या उत्तराला 60बरोबर पुन्हा लावतात, आणि 40ऐवजी साधारण 43.6 काढून बसतात. पर्यायांत तसा आकडा असला की मार्क गेला.

पाचवी पायरी, ताळा. समान अंतरात सरासरी ही वेगांच्या निम्म्या बेरजेपेक्षा कमीच आली पाहिजे. जास्त आली तर कुठेतरी चुकलंय. वेग जवळजवळ असतील तर फरक नगण्य असतो. 50 आणि 60ला 55ऐवजी साधारण 54.5 येतात, तिथे बेरीज करून निम्मे केलं तरी कोणाचं लग्न चुकत नाही. 20 आणि 60ला मात्र 40चे 30 होतात.

याच ताळ्यातून एक मर्यादाही कळते. जळगाव-धुळे जाताना 30ने गेलात, तर जाऊन-येऊन सरासरी 60 पाडायला येताना किती वेगाने यावं लागेल? बहुतेक जण 90 सांगतात. पण येऊन-जाऊन 180 किलोमीटर 60च्या सरासरीने म्हणजे 3 तास, आणि ते तीन तास तुम्ही जातानाच संपवलेत. आता येताना कितीही पळवा, 60 होणार नाही. 90ने आलात तर सरासरी 45 पडते. जाताना जो वेग पडला त्याच्या दुप्पट सरासरी परतीला भरून निघत नाही, म्हणून खराब रस्त्यावरचा उशीर पुढे गाडी दामटून वसूल करायच्या फंदात पडू नका.

सहावी पायरी. थांबे मोजा. मी धुळ्याला तीन तासांत पोचलो ते कुठेच न थांबता. पारोळ्याला 20 मिनिटं चहाला थांबलो असतो तर 3 तास 20 मिनिटं, म्हणजे सरासरी 27. प्रश्नात "थांबे वगळून" म्हटलं असेल तरच 30 लिहा. आणि घरच्यांना "कधी पोचता?" याचं उत्तर देताना 27च धरा.