मेडिक्लेमचा पाठपुरावा: नोंद, मेसेज की ईमेल?

मेडिक्लेमची फाइल ‘कागदपत्रे अपुरी’ म्हणून अडकली, तर आधी पोर्टलवर नोंद टाका, कारण ती थेट क्लेम क्रमांकाला चिकटते आणि फाइल हाताळणाऱ्याला तिथेच दिसते. तिथे नमस्कार-चमत्कार नकोत: ‘डिस्चार्ज समरी आणि मूळ औषधबिले आज जोडली. आणखी काही हवे असल्यास कळवावे.’

एजंटला फोनवर मेसेज करायचा तो फक्त हलवून जागे करायला: ‘दादा, कालच कागद अपलोड केलेत. एकदा बघून सांगता का?’ क्लेम क्रमांक सोबत द्या, पण रकमेचा वाद इथे घालू नका.

रक्कम कापली किंवा क्लेम नाकारला, की मात्र ईमेलच, आणि तोही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. विमा लोकपालाकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुढचा दरवाजा उघडतो. फोनवरचे बोलणे तिथे चालत नाही. विषयातच पॉलिसी व क्लेम क्रमांक लिहा. भाषा थंड ठेवा, राग कितीही आला तरी: ‘खोलीभाड्यापोटी कापलेली रक्कम पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार कापली, ते लेखी कळवावे.’