दोन युनिफॉर्मची बेरीज आणि कन्व्होल्युशन: या चुका टाळा

X आणि Y दोन्ही ० ते १ मध्ये युनिफॉर्म, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि Z = X + Y ची डेन्सिटी काढायची. प्रॉबॅबिलिटीच्या पेपरात हे हमखास येतं आणि दरवर्षी पोरं त्याच जागी अडकतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो:

```
f_Z(z) = ∫ f_X(x) f_Y(z-x) dx
```

घोळ होतो तो लिमिटमध्ये. f_X म्हणजे १, f_Y म्हणजे १, एकाचा इंटिग्रल म्हणजे लांबी, झालं, असं म्हणून कुणी 0 ते 1 लिमिट टाकतं आणि उत्तर येतं १. आता Z तर ० ते २ मध्ये फिरतो, त्या सगळ्या पट्ट्यावर उंची १ म्हणजे क्षेत्रफळ २ झालं की! हे निदान लगेच पकडता येतं.

दुसरी चूक जास्त वाईट, 0 ते z लिमिट टाकायची आणि f(z) = z हे उत्तर थेट २ पर्यंत ओढत न्यायचं. ही चूक एका मुलाच्या वहीत मला सापडली तो प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. प्रश्न होता P(Z > 1.5) काढा. त्याने 1.5 पासून 2 पर्यंत z चा इंटिग्रल घेतला, (४ − २.२५)/२ = ०.८७५. मागे उत्तरात ०.१२५ होतं, पण त्याच्या आधीच्या उपप्रश्नात P(Z ≤ 1.5) विचारलं होतं आणि त्याचं उत्तर ०.८७५ च होतं. त्याला वाटलं छपाईत दोन उत्तरांची अदलाबदल झालीये, पुस्तक चुकलंय, आणि तसं त्याने पेन्सिलीने लिहूनही ठेवलं. मीसुद्धा दहा मिनिटं त्या ०.८७५ कडे बघत बसलो. मग त्याला म्हटलं, हेच १.५ ऐवजी १ टाकून कर बरं. आलं (४ − १)/२ = १.५. प्रॉबॅबिलिटी दीड! तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. चुकीचं उत्तर बरोबर उत्तरासारखं दिसणं हा निव्वळ १.५ या आकड्याचा योगायोग होता, 1 आणि 2 च्या मधल्या दुसऱ्या कुठल्याही आकड्याला हे जुळत नाही.

मी काय करतो सांगतो, पद्धत म्हणा किंवा सवय म्हणा. इंटिग्रल लिहायच्या आधी दोन अटी लिहायच्या. X साठी 0 < x < 1. Y साठी 0 < z−x < 1, म्हणजे z−1 < x < z. आता एकाच रेषेवर दोन पट्ट्या काढायच्या, एक 0 ते 1 ची जागेवर बसलेली, दुसरी z−1 ते z ची सरकणारी, आणि त्या एकमेकींवर जेवढ्या चढतात तेवढीच डेन्सिटी. z = 0.4 घ्या, सरकणारी पट्टी −0.6 ते 0.4 वर आहे, सामाईक भाग 0 ते 0.4, लांबी ०.४. z = 1.6 घ्या, पट्टी 0.6 ते 1.6 वर गेली, सामाईक 0.6 ते 1, लांबी पुन्हा ०.४. म्हणून

```
f_Z(z) = z        0 ≤ z ≤ 1
f_Z(z) = 2 - z    1 < z ≤ 2
```

त्रिकोण, शेंडा 1 वर, क्षेत्रफळ १. हे चित्र काढायला अर्धा मिनिट लागतो, पण आजकाल "सर डायरेक्ट फॉर्म्युला सांगा" हीच घाई. max(0, z−1) ते min(1, z) असं पाठ करून घेणारेही आहेत, चालेल, पण मग X हा ० ते २ वर युनिफॉर्म दिला की हीच मंडळी ढेपाळतात.

क्युम्युलेटिव्ह काढताना z > 1 असेल तर पहिल्या तुकड्याचं क्षेत्रफळ १/२ मिळवायला विसरू नका, नाहीतर P(Z ≤ 1.5) ७/८ ऐवजी ३/८ येतं. मी स्वतः वरच्या टोकाचा छोटा त्रिकोण वजा करतो, 1 − (2−z)²/2, त्यात विसरायला काही उरत नाही.

शेवटची चूक कम्प्युटरवाल्यांची. सिम्युलेशनने तपासायचं म्हणून

```
u = rng.random(100000)
z = u + u
```

असं लिहितात आणि मग हिस्टोग्राम त्रिकोणी का नाही म्हणून विचारतात. अरे तू X ची X मध्येच बेरीज केलीस, ते 2X झालं, ० ते २ वर सपाट, उंची १/२. कन्व्होल्युशन स्वतंत्र असलेल्यांसाठीच असतं, दुसरा नमुना वेगळा काढावाच लागतो:

```
z = rng.random(100000) + rng.random(100000)
```

आणि हिस्टोग्रामला density=True द्या, नाहीतर उंची हजारांत दिसेल आणि शेंडा १ वर पोचतोय का ते कळणारच नाही.