भाऊ, ट्रकचा हप्ता किलोमीटरवर वाटून पाहा

बहुतेक मालक ट्रिपच्या भाड्यातून डिझेल, टोल अन् ड्रायव्हरचा भत्ता वजा करते आन उरलं ते कमाई समजते, पण हप्ता कुठं गेला बाप्पा?

समजा वणीवरून माल नेला, जाऊन-येऊन 600 किमी. अॅव्हरेज 4 चा, म्हणजे 150 लिटर, 92 च्या भावानं 13,800. टोल 2,400, भत्ता 1,500. झाले 17,700. आता हप्ता 48,000, ड्रायव्हरचा पगार 18,000, इन्शुरन्स-टॅक्सचा महिन्याचा वाटा 12,000, असे 78,000 गाडी उभी राहिली तरी लागतेच. महिन्याला 6,000 किमी चालली तर किलोमीटरला 13, म्हणजे या ट्रिपवर 7,800. टायर-ऑइल-मेंटेनन्सचे किलोमीटरला 4 धरा (स्वतःची वर्षभराची बिलं भागिले वर्षाचे किमी, हाच खरा आकडा), ते 2,400. एकूण 27,900, किलोमीटरला साडेशेचाळीस.

वापसी रिकामी असन तर भाडं 300 किमीवरच भेटते, म्हणजे भरल्या किलोमीटरला 93 पाहिजे. आन पावसाळ्यात गाडी 3,900 किमीच चालली तर 13 चे 20 होते, तीच ट्रिप 32,100 ले पडते.

अॅव्हरेज मात्र टाकी फुल ते टाकी फुल असाच काढा, ड्रायव्हरच्या अंदाजावर नाही.