इराणी गुणपत्रिका परदेशी प्रवेश कार्यालयाला समजावून देताना

टोरांटोत येऊन मला आता बरीच वर्षे झाली आहेत. तेहरानमध्ये फारसीत एम.ए. केल्यामुळे तिकडची गुणपत्रिका इंग्रजीत समजावून सांगण्याचे काम प्रथम स्वतःसाठी आणि पुढे ओळखीपाळखीच्यांसाठी मी अनेकदा केले. आपल्यापैकी फारसी शिकायला इराणला गेलेले थोडेच असतात. पण पुण्यात शिकायला आलेल्या इराणी मुलामुलींशी लग्न होऊन इकडे आलेली काही मराठी कुटुंबेही आहेत आणि जोडीदाराचा अर्ज भरताना त्यांची नेमकी येथेच अडचण होते. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

इराणमध्ये शपथबद्ध अनुवादकाने केलेले, न्याय मंत्रालय व परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के असलेले इंग्रजी भाषांतर असले की काम झाले, असा समज असतो. भाषांतर आवश्यक आहेच, पण अनुवादक शब्द बदलतो, पद्धत समजावत नाही, आणि मूळ कागदात नसलेले वाक्य घालण्याचा त्याला अधिकारही नसतो. म्हणून भाषांतराला एका पानाचे स्वतंत्र स्पष्टीकरण जोडावे. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास स्वतःच्या सहीने द्यावे आणि ते अर्जदाराचे आहे हे उघड लिहावे.

पहिला गोंधळ अंकांच्या लेखनाचा आहे. फारसीत दशांशचिन्हाच्या जागी बहुधा तिरकी रेघ मारतात. साडेसतरा गुण १७/५० असे लिहिलेले असतात, आणि भाषांतरात ते तसेच उतरले तर येथील कारकुनाला पन्नासपैकी सतरा, म्हणजे नापास, असे दिसते. एका अर्जात हे खरोखर घडलेले मी पाहिले आहे; विषय सगळे उत्तम गुणांनी उत्तीर्ण आणि कार्यालयाचे पत्र मात्र पात्रता नसल्याचे. पडताळा सोपा आहे: मूळ गुणपत्रिकेत आकड्याशेजारी बहुधा अक्षरी गुण असतात, तेथे ‘हफ्दह ओ नीम’, म्हणजे साडेसतरा, असे असेल तर शंका उरत नाही. भाषांतरात दशांशासाठी टिंबच हवे, हे अनुवादकाला आधीच सांगावे. शिक्के बसल्यानंतर दुरुस्ती करणे त्रासाचे असते.

त्यानंतर मोजपट्टी. गुण शून्य ते वीस असे देतात. विषयात उत्तीर्ण होण्यासाठी ‘कारशेनासी’ला, म्हणजे पदवीला, दहा, ‘कारशेनासी-ए अर्शद’ला, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, बारा आणि डॉक्टरेटला चौदा लागतात. स्पष्टीकरणात आपल्या पातळीची मर्यादा ठळक द्यावी, कारण पदव्युत्तर गुणपत्रिकेतला अकरा हा गुण पदवीच्या पट्टीने उत्तीर्ण ठरतो आणि वाचणाऱ्याची फसगत होते. आपल्याकडच्या सवयीने पाचाने गुणून टक्केवारी काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. सोळा म्हणजे ऐंशी टक्के हे गणित बरोबर असले, तरी विसाच्या जवळचे गुण तेथे सहजासहजी मिळत नाहीत आणि ती टक्केवारी वाचणारा ती स्वतःच्या देशाच्या सवयीने तोलतो. चारच्या मोजपट्टीवरचे रूपांतरही स्वतः करू नये. प्रत्येक मूल्यांकन संस्थेचे कोष्टक वेगळे असते, आणि तुमचा आकडा तिच्या आकड्याशी जुळला नाही की उगीच संशय येतो. त्याऐवजी वर्गातील क्रमांकाचे पत्र विभागाकडून मिळत असेल तर ते जोडावे. माझ्या मते कोणत्याही रूपांतरापेक्षा त्याचे वजन अधिक असते.

सरासरीला ‘मोअद्देल’ म्हणतात. ती साधी नसून ‘वाहेद’प्रमाणे, म्हणजे श्रेयांकांच्या भाराने, काढलेली असते. पदवीच्या पहिल्या सत्राचे एक उदाहरण घेऊ. गणित ३ वाहेद, गुण १४.५, भौतिकशास्त्र ३ वाहेद, १२.७५, फारसी ३ वाहेद, १७, इस्लामी विचार २ वाहेद, १८.५, प्रयोगशाळा १ वाहेद, १६, संगणक प्रोग्रामिंग ३ वाहेद, ९.५. प्रत्येक गुणाला त्याच्या वाहेदने गुणून बेरीज केली की २१४.२५ येतात, त्यांना १५ ने भागले की सत्राची सरासरी १४.२८ होते. प्रोग्रामिंगमध्ये विद्यार्थी नापास आहे, म्हणून सरासरी १५ वाहेदवर निघाली तरी मिळवलेले वाहेद १२ च आहेत.

आता त्याने पुढच्या सत्रात तोच विषय पुन्हा घेऊन १३ गुण मिळवले असे धरा. जुना नापास गुण गुणपत्रिकेवर दिसत राहतो, पण एकूण सरासरीत तो धरला की नाही हे प्रवेशवर्षाच्या नियमावर अवलंबून असते. एवढ्याच विषयांपुरते पाहिले, तर तो धरल्यास २५३.२५ भागिले १८, म्हणजे १४.०७, वगळल्यास २२४.७५ भागिले १५, म्हणजे १४.९८. परदेशी अधिकारी ओळींवरून स्वतः सरासरी काढून पाहतो आणि छापील आकड्याशी ती जुळली नाही की कागद बनावट असल्याची शंका घेतो. म्हणून कागद पाठवण्यापूर्वी दोन्ही प्रकारांनी गणित करावे आणि जो प्रकार छापील सरासरीशी जुळतो तो एका वाक्यात नोंदवावा. ‘जोब्रानी’ म्हणजे पूरक विषय असतील, तर ते धरून आणि वगळूनही पाहावे. पदव्युत्तर गुणपत्रिकेत ते बहुधा सरासरीबाहेर असतात.

एका शब्दाबद्दल मात्र सावध राहा. पदवीला सत्राची सरासरी बारापेक्षा आणि पदव्युत्तरला चौदापेक्षा खाली गेली, तर त्या सत्रापुढे ‘मश्रूत’ असा शेरा येतो. शब्दकोशाच्या आधाराने अनुवादक त्याचे ‘कंडिशनल’ करतो, आणि येथे त्याचा अर्थ सशर्त प्रवेश असा घेतला जातो. योग्य शब्द ‘अ‍ॅकॅडमिक प्रोबेशन’ हा आहे. तो वाचायला बरा वाटत नाही, हे खरे. पण सरासरी समोर असताना शेरा सौम्य करून काही लपत नाही. ते कोणते सत्र होते आणि पुढच्या सत्रात सरासरी किती झाली, एवढे लिहिले की पुरते.

तारखांचे काम छोटे आहे, पण चूक सर्रास होते. इराणी शैक्षणिक वर्ष मेहर महिन्यात, म्हणजे २३ सप्टेंबरच्या आसपास, सुरू होते. १३९३ च्या मेहरसाठी ६२१ मिळवले की २०१४ येते. पण दुसरे सत्र त्याच १३९३ च्या बहमनमध्ये सुरू होते आणि तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असल्याने तेथे ६२२ मिळवावे लागतात, म्हणजे २०१५. हे लक्षात न घेतल्यास दोन्ही सत्रे एकाच वर्षी पडतात आणि मधेच वर्षभराची पोकळी असल्यासारखे दिसते. काही गुणपत्रिकांवर सत्र ३९३१, ३९३२ अशा संकेतांकाने असते: सुरुवातीचे तीन अंक वर्षाचे, शेवटचा सत्राचा, आणि ३ असेल तर उन्हाळी. प्रत्येक संकेतांकापुढे इंग्रजी महिना व वर्ष लिहिलेली छोटी यादी स्पष्टीकरणाच्या तळाशी द्यावी आणि त्याच तारखा अर्जातही वापराव्यात.