स्टॉक मायनसमध्ये गेलाय? झिरो करण्याआधी या चुका टाळा

मार्च संपत आला की मला हमखास एक फोन येतो. “साहेब, वीस-पंचवीस आयटम मायनसमध्ये दिसतायत, झिरो करून टाकू का?” माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी गोदामात जा, माल मोजा आणि मग मला फोन करा. बरेच जण तेवढं थांबत नाहीत, आणि मग एप्रिल-मे महिना निस्तरण्यात जातो.

मायनस म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. जो माल आलाच नाही तो विकता येत नाही. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं असेल, तर तो दुकानात आलेला होताच. म्हणजे विक्रीची नोंद झाली आणि आवकेची कुठेतरी अडकली, किंवा चुकीच्या नावावर, चुकीच्या मापात चढली. ती अडकलेली नोंद शोधायची असते. मायनसचा आकडा पुसला की तिच्याकडे जाणारी वाट बंद होते.

शून्य दराने ‘प्लस’ मारणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तरच लिहितो. एका किराणा होलसेल दुकानातली गोष्ट. तेलाचे १५ किलोचे २० डबे शिल्लक होते, प्रत्येकी १,९०० रुपयांचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात २,१०० रुपयांनी आणखी २० डबे आले. माल उतरला, पण बिल हमालीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात राहून गेलं. महिनाअखेरपर्यंत २,१५० च्या भावाने ३० डबे विकले गेले आणि सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक आला मायनस १०.

काउंटरवरच्या मुलाने ३१ मार्चला स्टॉक अॅडजस्टमेंटमधून १० डबे वाढवले आणि दर रिकामा सोडला. स्टॉक शून्य झाला, लाल आकडा गेला, सगळे खूश. पण सॉफ्टवेअरच्या लेखी आता ३० डबे मिळून खरेदी फक्त ३८,००० रुपयांची होती. विक्री ६४,५००, म्हणून एकट्या तेलावर नफा २६,५००!

खरा हिशेब असा होता. ४० डब्यांची एकूण खरेदी ८०,०००, सरासरी २,०००. विकलेल्या ३० डब्यांची किंमत ६०,०००, म्हणजे नफा ४,५०० आणि हातात २०,००० रुपयांचे १० डबे. पुस्तकात नफा २२,००० ने फुगला होता आणि तोही वर्षअखेरीला.

पुढे एप्रिलमध्ये ते बिल सापडलं आणि एप्रिलच्याच तारखेला चढवलं. आता सॉफ्टवेअर म्हणतंय २० डबे, गोदामात १०. मुलाने परत १० कमी केले आणि या वेळी २१,००० रुपयांचा माल पुस्तकातून नाहीसा झाला. मालक मला विचारत होते, “चोरी झाली का हो?” चोरी झालेली नव्हती. एक बिल वेळेवर चढलं नव्हतं आणि त्याच्यावर दोनदा मलमपट्टी झाली होती. त्या मुलाला मात्र आठवडाभर संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

३१ मार्चला कुणी डबे मोजले असते तर समोर १० दिसले असते. सॉफ्टवेअर मायनस १० म्हणतंय, गोदाम १० म्हणतंय, फरक २०. आता २० डब्यांचं बिल शोधायचं. माझी सवय हीच आहे: मायनसच्या आकड्यामागे जायचं नाही, मोजलेला माल आणि पुस्तकी स्टॉक यांतल्या फरकामागे जायचं. तो फरक बहुतेक वेळा एखाद्या बिलावरच्या नगांशी तंतोतंत जुळतो.

बिल सापडलं की दोन्ही अॅडजस्टमेंट डिलीट करा आणि खरेदी माल उतरला त्याच तारखेला चढवा. सरासरी आपोआप जागेवर येते. मात्र त्या महिन्याचं GSTR-3B भरून झालं असेल, तर मागच्या तारखेला हात लावण्याआधी सीएशी बोला. इनपुट क्रेडिट पुढच्या महिन्यातही घेता येतं. कायद्याने त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, आणि त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तेव्हापर्यंतच.

मापाचा घोळ

इलेक्ट्रिकलच्या दुकानात हे हटकून सापडतं. वायर येते कॉइलमध्ये आणि विकली जाते मीटरवर. ९० मीटरच्या १० कॉइल १,८०० च्या भावाने आल्या. आयटमचं माप मीटर होतं, आणि घाईत बिलावरचाच आकडा चढला: १० मीटर, दर १,८००. पुढे ४५० मीटर विकल्यावर स्टॉक मायनस ४४०. मीटरची किंमत १,८०० धरली गेल्यामुळे २६ रुपयांना विकलेला मीटर तोट्यात दिसू लागला.

इथे ४४० मीटर वाढवले तर माप शून्यावर येईल, पण भाव बिघडलेलाच राहील. रॅकवर ४५० मीटर वायर आहे, तिचं काय? उपाय सोपा आहे. खरेदीचं बिल उघडा, १० च्या जागी ९०० मीटर आणि १,८०० च्या जागी २० रुपये घाला. बिलाची रक्कम १८,००० तशीच राहते, त्यामुळे जीएसटीला आणि पार्टीच्या खात्याला धक्का लागत नाही. स्टॉक ४५० मीटर, किंमत ९,०००. मी आयटमचं मुख्य माप नेहमी विक्रीचंच ठेवतो आणि कॉइल किंवा बॉक्स हे पर्यायी माप म्हणून जोडतो.

बाकीच्या चुका

एकाच मालाची दोन नावं. एक आयटम मायनस, त्याचाच जुळा भाऊ फुगलेला. टॅलीत `Alt+F7` ने `Stock Journal` उघडून फुगलेल्यातून माल काढा आणि त्याच दराने मायनसवाल्यात घाला. मग एक नाव कायमचं बंद करा.

दोन गोदामं असतील तर एकूण बेरीज आधी बघा. ती बरोबर असेल तर फक्त गोदाम-बदलीची नोंद राहिली आहे.

चलनावर माल गेला आणि मागून बिल केलं, पण चलन बिलाला जोडलं नाही, तर माल दोनदा कमी होतो.

ओपनिंग स्टॉकला कधीही हात लावू नका. तो गेल्या वर्षीच्या ताळेबंदाशी जुळलेला असतो.

मायनसची सूचना त्रास देते म्हणून सेटिंगमधून बंद करणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. काउंटरवर गर्दी असेल तर बिल होऊ द्या, पण दुकान बंद करताना `Exception Reports` मधला `Negative Stock` रिपोर्ट उघडा. त्याच दिवशी दोन आयटम शोधायला दहा मिनिटं लागतात, कारण माल कुठल्या टेम्पोतून आला हे सगळ्यांना आठवत असतं.

सगळी बिलं तपासूनही फरक उरलाच, तर तो खरा फरक. गळती, फूट, वजनातली घट असे प्रकार असतातच. तेव्हा अॅडजस्टमेंट जरूर करा, पण मोजणीच्या तारखेला, त्या आयटमच्या चालू सरासरी दराने आणि शेऱ्यात कारण लिहून. मी शेऱ्यात मोजणाऱ्याचं नावही टाकतो, म्हणजे सहा महिन्यांनी विचारायचं कुणाला हे माहीत असतं.