शब्दशोध वर्कशीट बनवताय? या चुका टाळा

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी पुण्यातल्या ठिकाणांचं शब्दशोध करायचंय असं धरू, १० बाय १० चा चौकोन, आणि शब्द शनिवारवाडा, सिंहगड, पर्वती, पाताळेश्वर, सारसबाग, तुळशीबाग, खडकवासला, लालमहाल.

सगळ्यात आधी घरं मोजताना गडबड होते. एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, म्हणजे शनिवारवाडा सहा घरांत बसतो: श, नि, वा, र, वा, डा. पण एक्सेलमध्ये `=LEN("शनिवारवाडा")` केलं की उत्तर १० येतं, कारण ते मात्रा वेगळ्या मोजतं, त्यामुळे फॉर्म्युल्याने शब्द तोडला किंवा उलटा केला की मात्रा सुट्ट्या पडतात किंवा भलत्याच अक्षराला चिकटतात. उलटा शब्द हातानेच लिहा, डा-वा-र-वा-नि-श. जोडाक्षर पण तोडायचं नाही, पर्वती म्हणजे प, र्व, ती, तीनच घरं.

दुसरं म्हणजे सोपे आडवे-उभे शब्द आधी टाकून तिरक्यांना जागाच उरत नाही. आधी लांब आणि तिरके बसवा, आणि एकमेकांतून जाऊ द्या. तुळशीबाग दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरापासून उजवीकडे खाली तिरका उतरवला की बा पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात येतो, मग सारसबाग त्याच ओळीत दुसऱ्या घरापासून आडवा टाकला की तोच बा दोघांना चालतो. आठही दिशा वापरायच्या म्हणजे तिरके सगळे एकाच बाजूला झुकलेले नकोत, नाहीतर दोन सापडले की मुलं बाकीचे त्याच दिशेने शोधतात.

आता खरी चूक, आणि ही फार जण करतात. रिकाम्या घरांत क, ख, ग, घ भरून मोकळे होतात, मग श्व, ळे, सिं ही अक्षरं पानावर एकेकदाच दिसतात आणि मूल न वाचताच पाताळेश्वरपर्यंत पोचतं. भरायची अक्षरं शब्दांमधूनच घ्या, मात्रांसकट, आणि श्व, र्व, सिं अजून तीन-चार ठिकाणी टाका. कुठेतरी 'सा र स' लिहून पुढे बा ऐवजी वा ठेवा, मूल थांबून वाचतं.

पण यातून तोच शब्द दुसऱ्यांदा तयार होऊ शकतो, विशेषतः पर्वतीसारखा तीन घरांचा. म्हणून भरण्याआधी नुसत्या शब्दांची कॉपी उत्तरपत्रिका म्हणून ठेवा, भरल्यावर प्रत्येक प च्या आजूबाजूची आठ घरं बघा, कुठे र्व दिसला तर त्याच रेषेत पुढचं घर तपासा, तिथे ती असेल तर बदला.

प्रिंटच्या आधी ओळीची उंची वाढवा, नाहीतर वरचा अनुस्वार कापला जातो आणि सिंहगडचा सिहगड होतो, मुलं मग शब्द नाहीच म्हणून सांगतात.